रात्रीचं केळं आणि पहाटेचा खोकला: एका चार वर्षांच्या मुलाचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून मुलाचं नाव आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. मुलाला इथे ओम म्हणू. मी त्याचा बालरोगतज्ज्ञ. प्रकरण लिहिण्यासाठी ओमच्या घरच्यांची संमती घेतली आहे. आजींनी तर मसुदा वाचून दोन दुरुस्त्याही सुचवल्या.

## पार्श्वभूमी

ओम चार वर्षांचा. घरात आई, बाबा आणि आजी. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे संध्याकाळचं खाणं आणि रात्रीची झोप आजींकडे. तो जूनमध्ये बालवाडीत जायला लागला आणि सप्टेंबरअखेर माझ्याकडे आला, तोवर त्याला चार वेळा सर्दी होऊन गेली होती. सर्दी आठवड्यात जायची, पण खोकला मागे राहायचा. वेगवेगळ्या ठिकाणी दाखवून खोकल्याची तीन औषधं आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते.

जुलैमध्ये एका रात्री ओमने शिकरण खाल्लं आणि सकाळी त्याचं नाक वाहायला लागलं. आजी म्हणाल्या, "केळं बाधलं." रात्रीचं केळं बंद झालं. ऑगस्टमध्ये पुन्हा सर्दी झाली तेव्हा आदल्या रात्री दहीभात होता, म्हणून दही बंद. मग पेरू, मग सीताफळ, मग संत्रं. सप्टेंबर संपताना रात्रीच नव्हे, दिवसाही घरात ओमला फळ मिळत नव्हतं. त्याऐवजी झोपताना दूध-बिस्किटं सुरू झाली होती.

वजन जूनमध्ये १४ किलो होतं, सप्टेंबरअखेरही १४ च. या वयाचं मूल वर्षाला साधारण दोन किलो वाढतं, म्हणजे या काळात अर्ध्या किलोच्या आसपास वाढ दिसायला हवी होती. शौचाला त्रास होतो, हे आईने जाता जाता सांगितलं.

## अडचण नेमकी कोणती होती

आई माझ्याकडे आली ती एक प्रश्न घेऊन: "डॉक्टर, केळं द्यायचं की नाही, एकदाचं सांगून टाका." घरात यावरून वाद पेटला होता. बाबांना सगळ्या पदार्थांची रक्तातली ॲलर्जी तपासणी हवी होती. आजींचा प्रश्न एकच होता, "इतकं बंद केलं तरी जात नाही, मग अजून काय बाधतंय?"

आजींच्या या वाक्यातच उत्तर दडलं होतं. तीन महिने एकेक पदार्थ बंद करत गेल्यावरही खोकला तसाच होता. तरी घरातल्या प्रत्येकाचा, अगदी बाबांचाही, पहिला प्रश्न "काल काय खाल्लं?" हाच होता. खोकला किती वाजता येतो, धावल्यावर येतो का, हसल्यावर येतो का, श्वासाला आवाज येतो का, हे कोणी विचारलं नव्हतं. आधीच्या कागदांवरही त्याची नोंद नव्हती.

मी विचारलं तेव्हा आजींनी न अडखळता सांगितलं. पहाटे तीन-चारच्या सुमाराला खोकतो, उठून बसतो, पाणी मागतो. खूप हसला की खोकतो. पकडापकडी खेळताना मध्येच थांबतो. लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत पुरळ यायचं. बाबांना सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका येतात, ते त्यांना आजार वाटतच नव्हतं. ही सगळी लक्षणं बालदम्याकडे बोट दाखवत होती. त्या दिवशी छाती मात्र स्वच्छ होती, त्यामुळे नुसत्या कानाने काही ठरवता येत नव्हतं.

## आजींचं निरीक्षण चुकलं कुठे

आजींनी पाहिलं ते खोटं नव्हतं. शिकरण खाल्लं होतं आणि सकाळी सर्दी झाली होती. चूक या दोन गोष्टींमधला दुवा जोडण्यात होती, आणि ती कशी झाली हे समजावण्यात माझा बराच वेळ गेला.

सर्दी विषाणूने होते. त्यातला सर्वांत नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस, आणि त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. म्हणूनच एकदा होऊन गेली तरी सर्दी पुन्हा होते. विषाणू नाकात शिरल्यापासून नाक वाहायला लागेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात. मंगळवारी सकाळी नाक वाहिलं, तर विषाणू बहुधा रविवारच्या आसपास आत आला. सोमवारी रात्री शिकरण खाल्लं तेव्हा सर्दी आधीच आत बसलेली होती.

दुसरी गोष्ट हिशोबाची. जुलैआधी ओम आठवड्यातल्या पाच रात्री केळं किंवा शिकरण खायचा. केळ्याचा सर्दीशी काडीचा संबंध नसला, तरी दहातल्या सात सर्द्यांच्या आदल्या रात्री त्याने केळं खाल्लेलं असणारच. शाळेत नवीन जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, सर्दी होते. एवढ्या सर्द्या आणि एवढी केळी असली की जुळणारे प्रसंग भरपूर मिळतात. केळं खाऊन काहीच न झालेल्या पन्नास रात्री मात्र कोणी मोजून ठेवत नाही.

पेरू आणि सीताफळाची गोष्ट याहून सरळ आहे. ही फळं बाजारात येतात ती पावसाळा सरता सरता आणि थंडीच्या तोंडावर, आणि श्वसनाचे विषाणूही त्याच महिन्यांत फिरत असतात. दोघं एकाच वेळी येतात, म्हणून एकामुळे दुसरं आल्यासारखं वाटतं.

आणि रात्रच का? आडवं झाल्यावर नाकातला स्राव घशात उतरतो. शिवाय श्वासनलिका पहाटे सर्वांत अरुंद असतात, हे निरोगी माणसातही थोडंफार असतं आणि दम्यात जास्त. खोकला पहाटे वाढणारच होता. रात्रीच्या जेवणाला तेवढ्यासाठी जबाबदार धरलं गेलं.

## पुरावा काय सांगतो

दही-केळ्यावर थेट बेतलेल्या प्रयोगांपेक्षा त्यांच्या आजूबाजूचे प्रयोगच इथे कामाला येतात. मी ओमच्या घरच्यांना त्यातले तीन सांगितले.

पहिला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातला, १९९० साली प्रसिद्ध झालेला. ६० निरोगी प्रौढांच्या नाकात मुद्दाम ऱ्हायनोव्हायरस सोडला, ते रोज किती दूध-दुभतं घेतात हे नोंदवलं आणि नाक शिंकरून टाकलेल्या कागदी रुमालांचं वजन केलं. जास्त दूध पिणाऱ्यांच्या नाकातून जास्त स्राव आला नाही. दूध लाळेत मिसळलं की घशावर दाटसर थर जाणवतो, त्याला आपण कफ समजतो. दह्यालाही हेच लागू पडावं असं मला वाटतं, पण प्रयोग दुधाचा होता आणि प्रौढांवर होता, हेही मी तेव्हाच सांगितलं.

दुसरा इंग्लंडजवळच्या वेल्समधल्या कार्डिफचा, २००५ चा. १८० जणांपैकी निम्म्यांनी २० मिनिटं पाय गार पाण्यात ठेवले, उरलेल्यांनी रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यावाल्यांपैकी १३ जणांनी आणि बाकीच्यांपैकी ५ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. म्हणजे "गारठ्याने सर्दी होते" हे निव्वळ थोतांड म्हणता येत नाही. पण त्यात विषाणूची तपासणी केलेली नव्हती, आणि गारठा अंगाला लागला होता, पोटात गेला नव्हता. खोलीच्या तापमानाचं केळं "थंड" आहे, हा गुणधर्म या प्रयोगात कुठेच बसत नाही.

तिसरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या दशकात लंडनमध्ये दमा असलेल्या मुलांवर छोटे प्रयोग झाले. भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांमधली मुलं बर्फ, कोलासारखी पेयं, तळलेलं खाणं बाधतं असं जास्त सांगायची. तपासल्यावर असं दिसलं की बर्फ किंवा कोला घेतल्यावर श्वासाचा जोर मोजणारी फुंकण्याची चाचणी फारशी बिघडत नाही, पण पुढचा काही वेळ श्वासनलिका जास्त हुळहुळ्या होतात, थोड्याशा डिवचण्यानेही आवळतात. मुलं मोजकी होती, त्यामुळे यावरून मोठा निष्कर्ष काढणं योग्य नाही. पण दमा असलेल्या मुलाला फ्रिजमधलं गार खाऊन उबळ येऊ शकते, हे यावरून मानायला जागा आहे. तो सर्दी लावून घेण्याचा प्रकार नव्हे. नळ्या आधीच चिडलेल्या असतात आणि त्यांना आणखी एक चिमटा बसतो.

आजींनी परंपरेचा आधार काढला होता: "रात्री दही खाऊ नये असं आयुर्वेदात आहे." ते खरंच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रात्री दही खाऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. पण तिथे लगेच पुढे नियम मोडल्याचे जे परिणाम दिले आहेत, त्यांत ताप, त्वचाविकार, पांडुरोग, कावीळ आहे, खोकला नाही. आणि त्याच ग्रंथात दह्याचे गुण सांगताना ते पीनसात, म्हणजे नाकाच्या जुनाट सर्दीत, उपयुक्त असल्याचं म्हटलं आहे. आजींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

## समोर असलेले पर्याय

एक, बंदी तशीच ठेवायची. घरात शांतता राहिली असती, पण वजन थांबलेल्या मुलाला फळ-दह्यावाचून ठेवणं मला पटत नव्हतं, आणि दम्याचं निदान आणखी लांबलं असतं.

दोन, "हे सगळं खोटं आहे, खुशाल द्या" असं सांगून मोकळं व्हायचं. हे मी पूर्वी करत असे. आई खूश होऊन जाते, आजी गप्प बसतात, आणि पुढच्या सर्दीला सगळं दुप्पट वेगाने बंद होतं.

तीन, बाबांना हवी असलेली तपासणी. ती मी नाकारली. केळं खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणं, तोंडाला खाज, अंगावर गांधी, उलटी असं काही झालं असतं तर एका पदार्थापुरती तपासणी केली असती. तसं काही नसताना तीस-चाळीस पदार्थ तपासले की दोन-चार "पॉझिटिव्ह" येतातच. त्याचा अर्थ रक्तात प्रतिद्रव्यं सापडली इतकाच. तो पदार्थ खाऊन त्रास होतोच असं नाही. बंदीची यादी मात्र आणखी लांबली असती.

चार, नोंदवही ठेवायची, केळ्याची घरीच नीट परीक्षा घ्यायची आणि दम्याचा उपचार करून पाहायचा. आम्ही हा पर्याय घेतला.

## काय केलं

पहिले दोन आठवडे फक्त नोंदी, खाण्यात काही बदल नाही. आजी रोज सकाळी आकडा लिहायच्या: खोकला नाही तर ०, खोकला पण झोपमोड नाही तर १, उठून बसला तर २. सोबत झोपण्याआधी काय खाल्लं, दिवसभरात धावताना खोकला का, वर्गात कोण आजारी. १४ रात्रींपैकी ८ रात्री खोकल्याच्या होत्या, आणि फळ-दही तर त्या काळात पोटात गेलंच नव्हतं. दहाव्या रात्री बाबांनी फोनवर व्हिडिओ काढला. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज त्यात स्वच्छ ऐकू येत होता.

इथे एक अवघड निर्णय होता. दम्याचा संशय बळावला होता, तेव्हा उपचार लगेच सुरू करावेत की आधी केळ्याची परीक्षा घ्यावी? औषधाने खोकला थांबला असता तर केळ्याबद्दल काहीच कळलं नसतं. मी तीन आठवडे थांबायचं ठरवलं. आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंप आणि मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंपातलं औषध श्वासात नीट जावं म्हणून जोडायची पोकळ नळी, घरी दिला, वापरून दाखवला, आणि धोक्याची लक्षणं लिहून दिली: श्वास मिनिटाला ४० च्या वर जाणं, पोट उडणं, बरगड्यांमध्ये खळगे पडणं, बोलता-खाता न येणं. यातलं काही दिसलं तर परीक्षा तिथेच थांबवून रुग्णालय.

परीक्षेची रीत साधी होती. एका डब्यात २२ चिठ्ठ्या, ११ वर "केळं", ११ वर "नाही". रोज साडेसातला बाबा एक चिठ्ठी काढणार. केळं निघालं तर फ्रिजबाहेरचं एक पिकलेलं केळं. आज काय दिलं हे आजींना कळू द्यायचं नाही, कारण रात्री खोकला ऐकणाऱ्या त्याच. ही अट आजींनी स्वतःहून मान्य केली: "मला माहीत नसलं तरच मी खरं लिहीन."

दुसऱ्याच रात्री ओमने झोपताना आजीला सांगून टाकलं, "आज मी केळं खाल्लं, पण तुला सांगायचं नाहीये." चार वर्षांच्या मुलाकडून गुपित ठेवण्याची अपेक्षा मी करायला नको होती. मग रीत बदलली. बाबांचा फोन रात्रभर रेकॉर्डिंगला लावला, आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या आत्याने आवाजाचा आलेख जिथे उसळलेला दिसेल तिथलं ऐकून आकडा द्यायचा. चिठ्ठीत काय निघालं ते तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या दोन रात्रींत दोन्ही प्रकारची एकेक चिठ्ठी निघाली होती. त्या बाद केल्या. उरल्या २० रात्री, दहा-दहा.

केळ्याच्या दहा रात्रींपैकी तीन रात्री ओम खोकल्याने उठला. केळं नसलेल्या दहांपैकी चार रात्री. मध्ये एकदा नवीन सर्दीही झाली. तिच्या आधीच्या दोन्ही रात्री केळं नव्हतं, आणि वर्गातली तिघं त्या आठवड्यात सर्दीने घरी होती.

दहा-दहा रात्रींवरून केळ्याचा कणभरही परिणाम नाही असं सिद्ध होत नाही. पण घरातला दावा कणभर परिणामाचा नव्हता. दावा होता "खाल्लं की खोकतो". तसं असतं तर केळ्याच्या दहापैकी आठ-नऊ रात्री वाईट गेल्या असत्या, आणि ते एवढ्या नोंदींतही लपलं नसतं.

दह्याची स्वतंत्र परीक्षा घेतली नाही. आईने दुपारी दही सुरू केलं तेव्हा तिच्या लक्षात एक गोष्ट आली: फ्रिजमधून काढून लगेच दिलेलं दही खाताना ओम तीन वेळा दोन-चार मिनिटं खोकला. तासभर बाहेर ठेवलेल्या दह्याने एकदाही नाही. लंडनच्या प्रयोगांशी हे जुळतं. आजींच्या म्हणण्यात एवढा भाग खरा निघाला, आणि तो मी त्यांना मोकळेपणाने सांगितला.

पुढच्या भेटीत ओमला सर्दी होती आणि छातीत शिट्टी मला स्वतःला ऐकू आली. साल्ब्युटामॉलनंतर वीस मिनिटांत ती जवळजवळ गेली. कमी मात्रेतलं श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड स्पेसरमधून रोज, तीन महिने, असा उपचार सुरू केला. पाच वर्षांखालच्या मुलाकडून फुंकण्याची चाचणी नीट करून घेता येत नाही, म्हणून उपचाराने फरक पडतो का आणि थांबवल्यावर त्रास परत येतो का, हाच निदानाचा भाग असतो. "पंपाची सवय लागते" ही भीती केळ्याच्या भीतीइतकीच घट्ट होती. तिच्यासाठी वेगळी अर्धी भेट गेली. त्याच दिवशी झोपायच्या खोलीतली मच्छरांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावायला सांगितलं.

## परिणाम

महिन्याभराने घेतलेल्या १४ रात्रींच्या नोंदींत खोकल्याच्या रात्री ८ वरून २ वर आल्या. तीन महिन्यांत दोनदा सर्दी झाली, पण खोकला दोन्ही वेळा आठवड्याभरात गेला. फेब्रुवारीअखेर वजन १४.९ किलो होतं आणि शौचाची तक्रार थांबली होती. औषध बंद केल्यावर उन्हाळा चांगला गेला. जुलैत, पहिल्या सर्दीबरोबर, पहाटेचा खोकला आणि शिट्टी परत आली, तेव्हा औषध पुन्हा सुरू केलं. या वेळी आजींनी मला फोनवर आधी काय सांगितलं असेल, तर "डॉक्टर, पहाटे चारला उठला आणि श्वासाला आवाज आहे." खाण्याचा विषय निघालाच नाही.

## आता वेगळं काय करीन

कॉइल आणि औषध एकाच दिवशी बदललं, ही माझी चूक. फरक कशाने किती पडला ते आता सांगता येत नाही. कॉइल नोंदींच्या पहिल्याच दिवशी बंद करायला हवी होती, तिच्या धुराबद्दल शंका घ्यायला परीक्षेची गरज नव्हती.

तीन आठवडे थांबण्याच्या निर्णयाबद्दल मी अजून पूर्ण निश्चिंत नाही. ओमला कधी धाप लागून रुग्णालयात न्यावं लागलं नव्हतं, म्हणून मी ते केलं. आधी तसा एखादा प्रसंग घडलेला असता तर केळ्याचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी उपचार सुरू केले असते.

आणि मूल गुपित ठेवेल यावर परीक्षा बेतण्याऐवजी रेकॉर्डिंग पहिल्या रात्रीपासून लावलं असतं.

आजी आता केळं संध्याकाळी सहाला देतात, दही तासभर आधी बाहेर काढून ठेवतात. ओमला सर्दी असेल त्या दिवशी पेरू मात्र अजूनही देत नाहीत. त्याला मी हरकत घेतलेली नाही. इतर दिवशी तो मीठ-तिखट लावून देतात.